सारखंच वजन, दोन वेगळ्या मुली

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची अंगणवाडी. सप्टेंबर महिना, बाहेर पावसाची शेवटची रिपरिप. एकाच सकाळी दोन मुली वजनाला आल्या. दोघींचंही वय १८ महिने पूर्ण. काट्यावर दोघींचा आकडा एकच आला, ७.९ किलो. सेविकेने दोघींच्या कार्डावर एकाच जागी ठिपका दिला, आणि तो पिवळ्या पट्ट्यात पडला. रजिस्टरमध्ये दोघींपुढे एकच शेरा गेला : मध्यम कमी वजन.

मी अंगणवाड्यांमधून वजन-उंची मोजायला आणि तक्ता वाचायला शिकवते. या दोन मुलींचं उदाहरण मी जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, कारण एकाच ठिपक्यावर असूनही त्या दोघींना झालेलं वेगळं आहे, त्याची कारणं वेगळी आहेत आणि घरी करायची गोष्टही वेगळी आहे. कशी, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी तक्ता. मातेच्या हातात जे माता-बाल कार्ड असतं, त्याच्या आतल्या पानावर हा आलेख छापलेला असतो, मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा. खालची आडवी रेघ म्हणजे वय, महिन्यांत. डावीकडची उभी रेघ म्हणजे वजन, किलोत. मधून डावीकडून उजवीकडे चढत जाणारे रंगीत पट्टे : वर हिरवा, त्याखाली पिवळा, सर्वांत खाली नारिंगी. वयाच्या उभ्या रेषेवरून वर जायचं, वजनाच्या आडव्या रेषेवरून आत यायचं, दोन्ही जिथे भेटतील तिथे ठिपका द्यायचा. वय नेहमी पूर्ण झालेल्या महिन्यांत धरायचं. १८ महिने आणि २५ दिवस झालेल्या मुलीचा ठिपका १८ वरच पडतो, १९ वर नाही.

हे पट्टे आले कुठून, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी विचारतंच आणि तो विचारायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली निरोगी मुलं मोजली : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दिल्लीची होती. निवडताना अट अशी, की बाळाला आईचं दूध मिळत असावं, आई विडी-सिगारेट ओढत नसावी आणि घरच्या परिस्थितीमुळे वाढीत अडथळा येत नसावा. या मोजणीवरून २००६ साली नवे तक्ते निघाले. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, की पहिल्या पाच वर्षांत दिल्लीची, ओस्लोची आणि आक्राची मुलं जवळजवळ सारखीच उंच झाली. म्हणून एखादी आजी म्हणते, "आमच्या घरात सगळेच बुटके, ही पण तशीच," तेव्हा तिला मान देऊन ऐकावं, पण ते उत्तर म्हणून स्वीकारू नये. आजीचीही वाढ तिच्या लहानपणी खुंटलेली असू शकते.

पिवळा पट्टा जिथे सुरू होतो, त्या रेषेला तज्ज्ञ 'उणे दोन' म्हणतात. अर्थ सोपा आहे. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या १०० मुलांना रांगेत उभं केलं, तर त्यातली साधारण दोन या रेषेखाली भरतात. ती मुळातच लहान चणीची असतात. म्हणजे रेषेखालचं प्रत्येक बाळ आजारी असतंच असं नाही. पण महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. १०० मध्ये दोनांच्या जागी छत्तीस, तेव्हा चणीचं कारण पुरत नाही.

आता आपल्या दोन मुली. नुसता आजचा ठिपका पाहून थांबायचं नाही, मागचे ठिपके जोडायचे. पहिली मुलगी जन्मली तेव्हा २.१ किलोची होती. सहाव्या महिन्यात ५.६, वर्षाची झाली तेव्हा ६.९, पंधराव्या महिन्यात ७.५ आणि आज ७.९. हे ठिपके जोडले की दिसतं, की तिची रेघ हिरव्या पट्ट्यात कधी गेलीच नाही. पण ती पडलीही नाही. उणे दोनच्या रेषेच्या जरा खालून, तिला समांतर, ती जन्मापासून हळूहळू चढते आहे.

दुसरीची रेघ पाहिली की पोटात धस्स होतं. पंधराव्या महिन्यात, जूनमध्ये, ती ८.७ किलोची होती, हिरव्या पट्ट्यात. जुलैमध्ये ८.४. ऑगस्टमध्ये ८.१. आज ७.९. तीन महिन्यांत ८०० ग्रॅम गेले. या वयात मुलीचं वजन दर महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे खरा तोटा त्याहूनही मोठा. आणि हे लक्षात घ्या, की जुलै आणि ऑगस्टचे दोन्ही ठिपके हिरव्यातच होते. रजिस्टरात दोन्ही महिने 'सर्वसाधारण' लिहिलेलं होतं. रंग बदलायला सप्टेंबर उजाडला.

तक्ता वाचताना सर्वांत जास्त चूक इथे होते. रंग सांगतो बाळ आज कुठे आहे. रेघेची दिशा सांगते ते कुठे चाललं आहे. हिरव्यात असून आडवी झालेली किंवा खाली वळलेली रेघ ही पिवळ्यात राहून चढणाऱ्या रेघेपेक्षा जास्त काळजीची. लागोपाठ दोन महिने वजन वाढलं नाही, तर रंग कोणताही असो, घरी जाऊन विचारपूस करायची. एकच महिना कमी भरलं, तर आधी काटा तपासायचा. झोळीचा काटा शून्यावर होता का, मागच्या वेळी स्वेटर घातलेला होता का, हातापायात चांदीचे वाळे होते का. ८ किलोच्या बाळात २०० ग्रॅमचा फरक जाड कपड्यांनीही पडतो.

पण वजनाच्या तक्त्याची एक मर्यादा आहे आणि ती कितीही नीट ठिपके दिले तरी जात नाही. वयाच्या मानाने वजन कमी असण्याची दोन कारणं असू शकतात : मूल उंचीलाच कमी आहे, किंवा उंची ठीक आहे पण अंगावर मांस नाही. वजनाचा आकडा या दोन्हींची बेरीज आहे. मेक्सिकोच्या फेडेरिको गोमेझ यांनी १९५६ साली वयानुसार वजनावरून कुपोषणाच्या श्रेणी ठरवल्या. आपल्याकडेही पुढे अशाच श्रेणी आल्या, म्हणून जुन्या सेविका अजून "तिसऱ्या श्रेणीचं बाळ" असं म्हणतात. १९७२ मध्ये जॉन वॉटरलो या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ही बेरीज फोडल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही. उंचीला कमी पडणं म्हणजे स्टंटिंग, आपण बुटकेपणा म्हणतो. उंचीच्या मानाने रोडावणं म्हणजे वेस्टिंग, आपला लुकडेपणा.

बेरीज फोडायची तर लांबी मोजायला हवी. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजतात, त्यानंतर उभं करून. झोपवून मोजलेलं माप उभ्यापेक्षा ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, म्हणून कसं मोजलं तेही लिहून ठेवायचं. या कामाला दोन माणसं लागतातच. एकीने डोक्याशी बसायचं, बाळाचे दोन्ही कान हातांत धरून डोकं वरच्या फळीला टेकवायचं, नजर सरळ छताकडे. दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि खालची फळी टाचांना भिडवायची. डोक्यावर बुचडा किंवा रबर असेल तर सोडायचं. बाळ रडतं, पाय आखडतं, आणि घाईत एक पाय वाकडा असतानाच आकडा लिहिला जातो. त्या एका वाकड्या गुडघ्याने दोन सेंटिमीटर जातात आणि धडधाकट मूल कागदावर बुटकं होतं. म्हणून दोनदा मोजायचं. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आमच्या दोन मुली अशा मोजल्या. पहिली भरली ७३ सेंटिमीटर. दुसरी ७९.

अठरा महिन्यांच्या मुलीची लांबी मध्यम ८०.७ असते आणि उणे दोनची रेषा ७४.९ वर आहे. पहिली त्या रेषेच्या १.९ सेंटिमीटर खाली, म्हणून ती बुटकी. आता वय बाजूला ठेवून फक्त लांबी आणि वजन पाहू. ७३ सेंटिमीटरच्या मुलीचं वजन साधारण ७.४ किलोच्या खाली गेलं तर ती लुकडी. हिचं ७.९ आहे, म्हणजे स्वतःच्या लांबीला साजेसं. गालही भरलेले होते. शेजारीपाजारी तिला "गुटगुटीत पण लहान" म्हणत.

दुसरीची लांबी वयाला धरून आहे. पण ७९ सेंटिमीटरच्या मुलीला लुकडेपणाची रेषा साधारण ८.३ किलोवर लागते आणि तीव्र लुकडेपणाची ७.७ वर. ७.९ या दोन्हींच्या मध्ये. ती मध्यम लुकडी, अंगणवाडीच्या भाषेत मॅम. दंडावर पट्टी लावली तर १२.१ सेंटिमीटर, पिवळ्या रंगात. पहिलीचा दंड १३.२, हिरवा.

दंडाची पट्टी हे सर्वांत सोपं साधन आहे आणि ते सहा महिने ते पाच वर्षं या वयात कुठल्याही आईला शिकवता येतं. डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, पट्टी चिकटेल पण दाबणार नाही अशी लावायची. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. या मापाला जन्मतारीख लागत नाही, आणि जिथे जन्मतारीख "होळीच्या आधी" इतकीच आठवते तिथे हा मोठा आधार आहे. वयात दोन महिन्यांची चूक झाली, तर वयानुसार वजन आणि वयानुसार उंची दोन्ही फसतात. उंचीनुसार वजन आणि दंडाचा घेर फसत नाहीत.

एक गोष्ट मात्र या साऱ्या मापांना फसवते, ती म्हणजे सूज. अंगात पाणी साचलं की वजन वाढलेलं दिसतं आणि रेघ सुखाने वर जाते. म्हणून प्रत्येक बाळाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहायचा. दोन्हीकडे खळगा पडला आणि तसाच राहिला, तर वजन काहीही असो, ते तीव्र कुपोषण धरायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं.

आता कारणं. दुसरीची गोष्ट पावसाळ्याची होती. जुलैमध्ये आवणी सुरू झाली. आई पहाटे शेतावर जायची आणि दिवेलागणीला परतायची. बाळ आठ वर्षांच्या बहिणीजवळ. दिवसातून पाच-सहा वेळा मिळणारं अंगावरचं दूध दोनवर आलं. दुपारी बहीण सकाळची पेज तशीच थंड भरवायची. जुलैअखेर हगवण, ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा हगवण. हगवणीत आजूबाजूच्यांच्या सल्ल्याने खाणं बंद. लुकडेपणा असा येतो : काही आठवड्यांत, आजार आणि उपासमार यांच्या जोडीने. म्हणूनच तो काही आठवड्यांत भरूनही काढता येतो. पण तो धोक्याचा आहे, कारण रोडावलेल्या मुलाची आजाराशी झुंजायची ताकद संपत येते. दंडाची पट्टी लाल झालेल्या मुलाचा मृत्यूचा धोका निरोगी मुलाच्या कित्येक पट असतो.

पहिलीची गोष्ट पोटातच सुरू झाली. गरोदरपणात आईचं रक्त कमी, जेवण एकदा पेज आणि एकदा भात-आमटी, काम शेवटच्या दिवसापर्यंत. बाळ २.१ किलोचं जन्मलं. पुढे सहाव्या महिन्यापासून डाळीचं पाणी आणि पेज, सर्दी-खोकला, अधूनमधून जुलाब. शरीराला पुरेसं मिळत नाही तेव्हा ते आधी उंची वाढवणं थांबवतं. हाडांची लांबी ही त्याच्या दृष्टीने नंतर करण्याजोगी गोष्ट असते. हे महिनोन् महिने चाललं की मूल बुटकं राहतं. म्हणूनच दुसरीसारखा लुकडेपणा वरचेवर आला, तर तीही उद्या पहिलीसारखी होईल. या दोन वेगळ्या स्थिती असल्या, तरी एक दुसरीकडे नेते.

घरी काय करायचं, ते ठरवण्याआधी एक हिशेब मांडू या. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. आठ किलोच्या बाळाला म्हणजे २४० मिलिलिटर, एक मोठी वाटी. एक ते दोन वर्षांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय बाहेरच्या खाण्यातून दिवसाला साधारण ५५० कॅलरी लागतात. आपली नेहमीची पातळ नागलीची पेज घ्या : वाटीभर पाण्यात दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम पीठ. तिच्यातून मिळतात जेमतेम ६५ कॅलरी. ५५० गाठायला अशा आठ-साडेआठ वाट्या पाजाव्या लागतील, आणि आठ वेळा पोट फुगवून घेणारं बाळ जगात नाही. आई म्हणते, "पोट भरून खाते हो," आणि ती खरंच सांगत असते. पोट भरतं, पाण्याने.

त्याच २० ग्रॅम पिठाची पेज जरा दाट करा. चमचाभर, ५ ग्रॅम तेल घाला, ४५ कॅलरी वाढल्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट १० ग्रॅम, अजून ५५-६०. सुपारीएवढा गूळ, अजून ३५-४०. त्याच वाटीत आता २०० कॅलरी आहेत. अशा तीन वाट्या झाल्या की काम झालं. जव्हारकडे खुरासणीचं तेल घरात असतं, ते चालतं. शेंगदाणा नेहमी कूट करूनच द्यायचा, अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो.

दाट पेज गिळायला जड जाते, अशी तक्रार येते आणि ती खरी आहे. त्यावरचा उपाय आपल्याच स्वयंपाकघरातला आहे : मोड आलेली नागली. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, मंद आचेवर जेमतेम सुकी करून दळायची. मोड येताना धान्यात असा एक पाचक रस तयार होतो जो पिठाचा चिकटपणा तोडतो. दाट शिजवलेली पेज चुलीवरून उतरवायची, जरा निवली की या पिठाचा एक चमचा घालून ढवळायचं. काही मिनिटांत ती ओतता येईल इतकी पातळ होते, पाणी न घालता. मग पुन्हा एक उकळी द्यायची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर सविस्तर काम झालं. पीठ जास्त खमंग भाजलं तर हा रस मरतो आणि पेज पातळ होत नाही, हीच त्याची खूण. एक खुलासा : आपण ज्याला नाचणीचं सत्त्व म्हणतो, ते वाटून, गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवून करतात. त्यात पिष्ट राहतं, पण प्रथिनं आणि क्षार चोथ्याबरोबर जातात. लहान बाळाला सत्त्वापेक्षा मोड आणलेल्या अख्ख्या नागलीचं पीठ बरं.

दुसऱ्या मुलीसाठी आम्ही हिशेब असा मांडला. एक ग्रॅम वजन वाढायला साधारण ५ कॅलरी लागतात. दिवसाला २० ग्रॅम वाढवायचं, तर नेहमीच्या खाण्यावर १०० कॅलरी जास्त. म्हणजे एक चमचा तेल आणि एक मोठा चमचा दाण्याचं कूट. हिशेब आईच्या हातात चमच्यात दिला, की तो तिच्या लक्षात राहतो. तेल-कूट घातलेल्या दाट पेजेच्या तीन वाट्या, मधे एकदा अंगणवाडीतलं अंडं किंवा केळं, आणि आई शेतावरून आल्या-आल्या आधी अंगावर पाजणं, मग बाकीची कामं. बाळाची वाटी वेगळी. सगळ्यांच्या ताटात खाणाऱ्या बाळाने किती खाल्लं, हे कुणालाच कळत नाही. बहिणीला पेज गरम करायला आणि हात धुवायला शिकवलं. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाकीट, १४ दिवस झिंकची गोळी, आणि खाणं बंद नाही. उलट बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

मात्र हे सगळं जमलं ते ती भूक लागून खात होती म्हणून. दंडाचा घेर ११.५ च्या खाली, आणि त्यातच बाळ खात नाही, सुस्त पडलं आहे, उलट्या किंवा ताप आहे, किंवा पावलांवर सूज आहे, तर घरी तेल-तूप भरवण्याचा प्रयत्न करू नये. इतक्या रोडावलेल्या शरीराला एकदम भारी खाणं झेपत नाही, रक्तातले क्षार बिघडतात, हृदय बंद पडू शकतं. पोषण पुनर्वसन केंद्रात अशा बाळाला सुरुवातीला मुद्दाम हलकं, मोजून-मापून, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं दूध देतात. आईला ते पाहून वाटतं, इथे तर काहीच देत नाहीत, आणि ती बाळाला घेऊन निघून जाते. हे आधीच समजावून सांगितलं तर ती थांबते.

पहिलीला काय द्यायचं? इथे सल्ला वेगळा, आणि धीराचा. तिला नुसतं तेल-गूळ वाढवून दिलं तर ती जाड होईल, उंच होणार नाही. उंचीला लागतात चांगली प्रथिनं आणि झिंकसारखे क्षार : अंडं, दूध, मासे, डाळी. जव्हारच्या बाजारात सुकट मिळते. ती भाजून, डोकी काढून, बारीक पूड करून भातावर किंवा आमटीत रोज एक चमचा घालणं घरच्यांना सहज जमलं. डाळीच्या पाण्याऐवजी उडदाचं किंवा तुरीचं दाट वरण. शिवाय जुलाब होऊ न देणं, कारण न पचताच बाहेर गेलं तर खाल्लेल्याचा उपयोग नाही : उकळलेलं पाणी, बाटलीऐवजी वाटी-चमचा, वेळेवर लसी. दुकानातली पाच रुपयांची पाकिटं आणि चहात बुडवलेली बिस्किटं दोन्ही घरांत होती. ती भूक मारतात आणि हाडाला काही देत नाहीत. दोन वर्षांच्या आत हे सगळं झालं तर काही उंची भरून येते. त्यानंतर ते फार कठीण होतं, म्हणून या मुलीकडे उरलेले सहा महिने महत्त्वाचे होते. आणि तिच्या आईच्या रक्ताची तपासणी करून गोळ्या सुरू केल्या, कारण पुढचं बाळ तिच्याच पोटात वाढणार.

पहिलीचं वजन दर महिन्याला, पण लांबी दर तीन महिन्यांनीच मोजायची असं ठरवलं. या वयात लांबी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, आणि मोजण्यातली चूकही सहज अर्ध्या सेंटिमीटरची होते. दर महिन्याला मोजलं तर वाढीपेक्षा चुकाच जास्त दिसतात.

दुसरी ऑक्टोबरमध्ये ८.३ किलो झाली. मधे पाच दिवस ताप आला, म्हणून हिशेबाएवढी वाढली नाही. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, ८.८ किलो, लांबी ८०. लुकडेपणाची रेषा तिने नुकतीच ओलांडली होती. त्याच आठवड्यात घर वीटभट्टीवर निघालं. सेविकेने कार्डावर नोव्हेंबरचा ठिपका देऊन ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आईच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलं, आणि दंडाची पट्टीही सोबत दिली : पंधरा दिवसांनी लावून बघ, पिवळं दिसलं की तिथल्या दवाखान्यात दाखव.

पहिलीला डिसेंबरमध्ये पुन्हा फळीवर झोपवलं. तिने पाय आखडले, पहिलं माप वाया गेलं. दुसरं ७६.२, तिसरं ७६.१. तीन महिन्यांत तीन सेंटिमीटरच्या जरा वर. दरम्यान उणे दोनची रेषा स्वतःच ७४.९ वरून ७७.५ वर गेली होती, म्हणजे तिच्यातलं आणि रेषेतलं अंतर १.९ वरून साधारण १.४ वर आलं. सेविका खूश झाली. मीही झाले, पण अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मापाच्या चुकीतही बसतो, हे तिला सांगितलं. मग तिने रजिस्टरात ७६.१ लिहिलं, आणि शेजारी पेन्सिलीने पुढच्या मोजणीचा महिना : मार्च.